द ल ल : हरवलेल्या काना-मात्रांचा शोध

गेल्या अंकात मराठी पानावर मी एक कोडे दिले होते. कोड्यात तीन अक्षरे होती, द ल ल, आणि खाली सूचना होती, ‘काना, मात्रा, वेलांटी, उकार परत लावा आणि शब्द ओळखा.’ माझ्या मनातले उत्तर होते दिल्ली. सुटी सोडून बाकी सगळा वेळ आपण दिल्लीच्या परिसरात राहतो, तेव्हा दुसरे काही कोणाला सुचेल असे मला वाटलेच नाही.

पहिले उत्तर सातवीच्या एका कॅडेटचे आले : दलाल. दुसरे आले दलील. मी दोन्हींवर लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीनंतर तो सातवीचा मुलगा शब्दकोश घेऊन माझ्यासमोर हजर. म्हणाला, “सर, दलाल शब्द आहे की नाही?” आहे. “मग माझे कुठे चुकले?” त्याचे कुठेच चुकले नव्हते. कोड्याला हाऊसचे गुण होते, त्यामुळे प्रकरण मराठीच्या मॅडमपर्यंत गेले. मॅडमनी तिन्ही उत्तरांना पूर्ण गुण दिले आणि मला सांगितले की कोडे घालणाऱ्याने आधी ते स्वतः नीट सोडवायला हवे. ते नीट सोडवायचे म्हणजे काय, हे शोधताना मला जे सापडले ते या लेखात लिहीत आहे.

आधी नियम सांगतो. शब्दातली सगळी स्वरचिन्हे काढायची, अनुस्वार काढायचा आणि जोडाक्षरे फोडून सुटी करायची. उरतो तो व्यंजनांचा सांगाडा. महाराष्ट्र या शब्दाचा सांगाडा म ह र ष ट र असा होतो. शब्दात स्वतंत्र स्वर असेल, जसा आग्रा मध्ये आ आहे, तर त्या जागी ○ काढायचे. म्हणून आग्रा म्हणजे ○ ग र.

महाराष्ट्र तुम्ही सांगाड्यावरून लगेच ओळखला असता. आता उलट करून बघा. व्यंजने काढा आणि स्वर ठेवा : अ, आ, आ, अ. यावरून महाराष्ट्र कोणी ओळखेल का? सिनेमाच्या नावांचा जो खेळ आपण बसमध्ये खेळतो, त्यात स्वर फळ्यावर लिहिलेले असतात आणि व्यंजने ओळखायची असतात. म्हणूनच तिथे नऊ चुका माफ असतात, बॉलिवूड हा शब्द एकेक अक्षर खोडत संपेपर्यंत. मराठीत व्यंजने चौतीस आणि स्वरचिन्हे नऊ. चौतिसांतून एक निवडले की जेवढे कळते, तेवढे नवांतून एक निवडून कळत नाही. शब्दाची ओळख बरीचशी व्यंजनांत असते आणि म्हणूनच हे कोडे सुटू शकते.

पण सगळेच सांगाडे सारखे नसतात. म ल हा दोन अक्षरांचा सांगाडा घ्या. मी अभ्यासिकेत बसल्या बसल्या यातून चौदा शब्द काढले : मल, मला, माल, माला, मूल, मुली, मुले, मेल, मेला, मेली, मेले, मेलो, मैल, मोल. अजूनही निघतील. आता हिशेब बघू. प्रत्येक व्यंजनाला दहा शक्यता असतात, एक नुसते अक्षर आणि नऊ चिन्हे. ते पुढच्या अक्षराला जोडले जाण्याची शक्यता धरली तर अकरा. शेवटचे अक्षर पुढे कशाला जोडले जात नाही, म्हणून त्याच्या दहाच. तीन अक्षरांच्या द ल ल साठी 11 × 11 × 10 म्हणजे 1210 रूपे होतात. सहा अक्षरांसाठी हाच गुणाकार 16,10,510 वर जातो. मला वाटले होते की सहा अक्षरांचे कोडे त्यामुळे भयंकर अवघड होईल. झाले उलटेच. रूपे अक्षरागणिक दहा-अकरा पटींनी वाढतात, पण भाषेतले खरे शब्द त्या वेगाने वाढत नाहीत. सोळा लाख रूपांपैकी बहुतेक सगळी निरर्थक असतात आणि खरा शब्द बहुधा एकच उरतो. दोन अक्षरांच्या शंभरेक रूपांत मात्र चौदा खरे शब्द दाटीवाटीने बसलेले असतात. लांब कोडे सुचायला वेळ लागतो, पण उत्तर मिळाले की खात्री असते. छोट्या कोड्याचे उत्तर चटकन सुचते आणि तेच धोक्याचे असते. माझे नेमके तसेच झाले.

आता एक लांब कोडे सोडवून बघू.

प र श क ष ण

सोळा लाख रूपे एकामागून एक तपासायला कोणी बसणार नाही. पहिली गोष्ट, शेजारी शेजारी आलेली जी व्यंजने सहसा जोडून येतात ती शोधायची. इथे क आणि ष आहेत. मराठीत क नंतर लगेच सुटा ष येणारे शब्द थोडे आहेत, कोष, निकष असे. उरलेल्या बहुतेक ठिकाणी तो क्ष असतो. म्हणून क्ष धरून चालू. सांगाडा झाला प र श क्ष ण. दुसरी गोष्ट, सुरुवात. प र ने सुरू होणारे उपसर्ग आहेत : प्र, परि, परा. शिवाय पर आणि पुरा आहेतच. तिसरी गोष्ट, शेवट. ण ने संपणारी नामे पुष्कळ, आणि क्ष नंतर ण आला की कानात आपोआप रक्षण, लक्षण, भक्षण वाजू लागते. म्हणजे शेवटचा तुकडा ‘क्षण’ असण्याची शक्यता मोठी. मधे एकटा श उरतो. त्याला चिन्हे लावत जायची : शक्षण, शाक्षण, शिक्षण. इथे थांबायचे. पुढे प र उरले आणि त्यांचे प्र झाले की प्रशिक्षण.

पण काम इथे संपत नाही. शिक्षण की शीक्षण? शब्द शुद्ध हवा असेल तर हा प्रश्न विचारावा लागतो आणि इथे शुद्धलेखनाचे नियम उपयोगी पडतात. खरे सांगायचे तर हे नियम मी आतापर्यंत फक्त परीक्षेपुरते पाठ केले होते. ते कोड्याच्या शक्यता छाटतात हे मला उशिरा कळले. जोडाक्षराच्या आधीचा इकार किंवा उकार सहसा ऱ्हस्व असतो, जसे शिस्त, पुस्तक, दुष्काळ. म्हणून शि. पण हाच नियम डोळे मिटून परीक्षण या शब्दाला लावलात तर ‘परिक्षण’ लिहाल आणि चुकाल. तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. परि आणि ईक्षण मिळून तो झाला, दोन इकार एकत्र आले म्हणून री दीर्घ. नियम अंदाज देतो आणि शब्द कुठून आला ते कळले की निकाल लागतो.

सर्वांत उपयोगी नियम शेवटच्या अक्षराचा आहे. मराठी शब्दाच्या शेवटी आलेला इकार आणि उकार दीर्घ असतो. आणि, परंतु, नि असे काही अपवाद आहेत. त्यामुळे शेवटच्या अक्षराच्या दहा शक्यतांतून ऱ्हस्व वेलांटी आणि ऱ्हस्व उकार बाद होतात आणि आठ उरतात. पुढचे त्याहून मजेदार आहे. शेवटचे अक्षर नुसते असेल, म्हणजे त्याला काहीच चिन्ह नसेल, तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ असतो : बहीण, कठीण, फूल, मूल. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर आधीचा ऱ्हस्व होतो : मुली, दिवा, महिना, पिसू. वरची म ल ची यादी पुन्हा बघा. मूल मध्ये दीर्घ आहे आणि मुली, मुले मध्ये ऱ्हस्व. शब्द तोच, पण शेवट बदलला आणि आधीचा उकार बदलला. याचा अर्थ शेवटचे अक्षर आधी ठरवायचे आणि मग मागे यायचे. मी आधी नेहमी पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायचो. आता मागून सुरुवात करतो आणि वेळ खरोखर कमी लागतो. गुण, मधुर, मंदिर असे संस्कृतातून आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत, तेवढे लक्षात ठेवायचे.

इथपर्यंत हा खेळ झाला. पण आपल्या याच भागात शेकडो माणसे रोज हे कोडे सोडवत असत आणि त्यावर त्यांचे पैसे अवलंबून असत. दिल्ली, हरियाणा, राजस्थान, पंजाब इकडचे सावकार आणि व्यापारी आपल्या चोपड्या आणि पत्रे महाजनी लिपीत लिहीत. या लिपीत शब्दाच्या आत स्वरचिन्हे लिहायची पद्धतच नव्हती. शब्दाच्या सुरुवातीला स्वर आला तर त्यासाठी अक्षर होते, पण अ आणि आ यांना मिळून एकच. शब्दांमध्ये जागा सोडायचीही पद्धत नव्हती. लिहिणारा भराभर लिहून मोकळा व्हायचा आणि काना-मात्रा वाचणाऱ्याने मनात लावायच्या.

जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातल्या भाषांचे जे मोठे सर्वेक्षण केले, त्यात मारवाडीबद्दल लिहिताना या लिपीची एक गोष्ट दिली आहे. ती गोष्ट दिल्लीची आहे. एक मारवाडी व्यापारी दिल्लीला आला होता. तिथून त्याच्या मुनिमाने घरी पत्र पाठवले की बाबू अजमेरला गेले आहेत, मोठी वही पाठवून द्या. घरी पत्र वाचले गेले ते असे : बाबू आज वारले, थोरल्या बहूला पाठवून द्या.

मारवाडीतच हे नीट कळते. अजमेर गयो यातली चिन्हे काढा : अ ज म र ग य. आता आज मर गयो यातली काढा. आ साठी वेगळे अक्षर नाही, म्हणून अ ज म र ग य. एका अक्षराचाही फरक नाही. वहीला तिकडे बही म्हणतात आणि सून किंवा पत्नी ती बहू. दोन्हींचा सांगाडा ब ह. बडी बही आणि बडी बहू कागदावर हुबेहूब सारखे दिसतात.

ही गोष्ट सांगितली की सगळे हसतात. मीही हसलो. पण मग बहीण घरी नसताना तिच्याबद्दल असे पत्र आले तर, असा विचार मनात आला आणि मी ती पुन्हा नीट वाचली. चूक कशी झाली ते बघण्यासारखे आहे. घरच्या माणसाने अ ज म र हे पहिले कोडे चुकीचे सोडवले. मग त्याने पुढच्या ब ह वर ताळा करून बघितला आणि ताळा जुळला, कारण घरातला माणूस गेला असेल तर वही कशाला मागवतील, बहूलाच बोलावतील. एका चुकीच्या उत्तराने दुसरे चुकीचे उत्तर ओढून आणले आणि मग दोघांनी एकमेकांना साक्ष दिली. आपल्याला शिकवतात की शब्द अडला तर मागचा-पुढचा संदर्भ बघावा. इथे संदर्भ बघूनच माणूस फसला, कारण संदर्भही त्याच सांगाड्यातून काढलेला होता. खरी तपासणी पत्राच्या बाहेरच्या कशावर तरी व्हायला हवी होती. बाबू अजमेरला जायचे होते का, त्यांची तब्येत ठीक होती का, अशा कशावर तरी.

मग व्यापारी ही लिपी वापरत कशी राहिले? पहिले कारण असे की वाचणारा परका नसे. पेढीवरच्या मुनिमाला धंद्यातली गिऱ्हाइके, गावे, मालाची नावे सगळे पाठ असे, म्हणजे शब्दांची यादी त्याच्या डोक्यात आधीच छोटी झालेली असे. दुसरे कारण मला जास्त आवडले. जिथे चूक परवडत नाही तिथे ते तीच गोष्ट वेगळ्या रीतीने पुन्हा लिहीत. हुंडी म्हणजे एका गावात पैसे भरून दुसऱ्या गावात घेण्याची चिठ्ठी. तिच्यावर रक्कम आकड्यात आणि शब्दांत लिहीतच, शिवाय तिची निम्मी रक्कम देऊन ‘याच्या दुप्पट पुरे’ असेही लिहीत. हजार रुपयांच्या हुंडीत पाचशे आणि त्याची दुप्पट हेही असायचे. शब्द वाचायला चुकला तरी निम्मे जुळले नाही की चूक तिथेच पकडली जाई. अजमेरच्या पत्रात असे काही नव्हते.

आपल्या ओळखीचे उदाहरण वायरलेसचे आहे. आकडा महत्त्वाचा असेल तर तो पुन्हा सांगतात आणि ऐकणारा तो परत म्हणून दाखवतो. सैन्यात शब्दांतले स्वर गाळतातही. बटालियनचे बी-एन होते, स्क्वाड्रनचे एस-क्यू-एन, ट्रान्सपोर्टचे टी-पी-टी. पण ते कोडे नाही. प्रत्येक संक्षेपाचा अर्थ आधी ठरवून दिलेला असतो आणि वाचणाऱ्याने अंदाज करायचा नसतो.

कोणी म्हणेल, आपली मोडीही अशीच. मीही तसेच समजत होतो. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे यांची पत्रे मोडीत आहेत आणि मोडीतही शब्द न तोडता सलग लिहीत. पण मोडीत काना आणि मात्रा असतात. वेलांटी आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घ मात्र सहसा पाळत नाहीत. म्हणून मोडीत अजमेर आणि आज मर वेगळेच दिसले असते, आणि बही आणि बहूसुद्धा. मूल मधला उकार ऱ्हस्व की दीर्घ, एवढेच वाचणाऱ्यावर सोडलेले. मोडी म्हणजे अर्धे सोडवून दिलेले कोडे.

अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर आजही गाळतात आणि वाचणाऱ्यांचे काही अडत नाही. याचे एक गमतीचे उदाहरण मेहरौलीत उभे आहे. क त ब हा सांगाडा देवनागरीत दिला तर किताब येते आणि कुतुबही येते, म्हणजे पुस्तक की मिनार ते कळत नाही. पण अरबीत या दोन शब्दांतला क वेगळा आहे आणि तही वेगळा. तिथे हे दोन सांगाडे मुळातच निराळे, त्यामुळे गोंधळ होत नाही. आपण ते शब्द घेतले तेव्हा दोन्ही क एक झाले, दोन्ही त एक झाले, आणि कोडे तयार झाले.

इंग्लंडमध्ये बीबीसीवर 2008 पासून ‘ओन्ली कनेक्ट’ नावाची प्रश्नमंजूषा चालते. तिची शेवटची फेरी याच खेळाची असते. इंग्रजी शब्दांतले स्वर काढतात आणि उरलेल्या अक्षरांतल्या जागाही मुद्दाम चुकीच्या ठिकाणी सोडतात, म्हणजे महाजनीहून कठीण. पण प्रत्येक गटाआधी तो कशाचा गट आहे ते सांगतात. द ल ल वर ‘शहर’ एवढा एकच शब्द लिहिला असता तर दलाल आणि दलील दोन्ही बाद झाले असते आणि हाऊसचे भांडण झाले नसते.

म्हणून यावेळी मी तीन गोष्टी केल्या. प्रत्येक सांगाडा पाच किंवा अधिक अक्षरांचा घेतला. गट वर लिहिला. आणि छापायला देण्याआधी कोडी तीन वेगवेगळ्या हाऊसच्या तिघांना सोडवायला दिली. त्यांत तो सातवीचा कॅडेटही होता. त्याने एक कोडे बाद केले, ते का, हे त्याला विचारा.

गट : दिल्ली आणि आसपासची ठिकाणे.

ग र ग र म
फ र द ब द
क न ट प ल स
○ ड य ग ट

प न प त हेही याच भागातले आहे, पण ते मराठी मुलांना विचारण्यात अर्थ नाही, म्हणून घेतले नाही. उत्तरे मराठीच्या मॅडमकडे रविवारपर्यंत द्यावीत. एखाद्या सांगाड्यातून याच गटातले दुसरे शुद्ध नाव निघाले तर तेही लिहावे, त्याला पूर्ण गुण मिळतील.